वर्गबहुपदीचा आलेख: शिरोबिंदू, सममिती अक्ष आणि छेदनबिंदू शोधून वर्कशीट कसे सोडवावे व पडताळावे

मी दहावीपर्यंत महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकले. वर्गसमीकरण म्हटले की अवयव पाडायचे, ते पडले नाहीत तर सूत्र वापरायचे आणि दोन मुळे लिहून मोकळे व्हायचे, एवढेच मला ठाऊक होते. आलेख कागद आम्ही वापरला तो दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी, आणि तिथे तीन बिंदू मिळाले की पट्टी लावून काम संपत असे. अमेरिकेत नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने ‘ग्राफिंग क्वाड्रॅटिक्स’चे वर्कशीट समोर ठेवले, तेव्हा मी सवयीने आधी मुळे काढायला बसले. ती अपरिमेय निघाली. कागदावर अंदाजाने दोन टिंबे दिली, आणि आता वक्र नेमका कुठे वळवायचा हे आम्हा दोघींनाही कळेना. त्या संध्याकाळी चारपैकी तीन उदाहरणे चुकली. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की आकडेमोड बहुतेक बरोबर होती. चुकला होता तो क्रम, आणि पडताळा तर आम्ही घेतलाच नव्हता. ज्यांच्या घरी असे वर्कशीट पहिल्यांदाच आले आहे त्यांच्यासाठी तो क्रम येथे लिहीत आहे.

अशा वर्कशीटमध्ये प्रत्येक उदाहरणात एक समीकरण, काही रिकाम्या जागा, पाच-सहा ओळींची एक सारणी आणि चौकटींचा एक आलेख दिलेला असतो. रिकाम्या जागांपुढचे इंग्रजी शब्द मराठीतून शिकलेल्या पालकांना अडवतात, म्हणून ते आधी जुळवून घ्यावेत. व्हर्टेक्स म्हणजे शिरोबिंदू, ॲक्सिस ऑफ सिमेट्री म्हणजे सममिती अक्ष, आणि इंटरसेप्ट म्हणजे वक्र ज्या बिंदूत अक्षाला छेदतो तो छेदनबिंदू. मिळणाऱ्या वक्राला मुले पॅराबोला म्हणतात. त्याचे मराठी नाव अन्वस्त.

लागणारे साहित्य

- टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि पट्टी. पट्टी फक्त सममिती अक्षासाठी आहे, वक्रासाठी नाही.
- वर्कशीटवरच्या चौकटी फार लहान असतील तर वेगळा आलेख कागद.
- वर्गमूळ काढता येईल असा कॅल्क्युलेटर.
- पडताळ्यासाठी दुसऱ्या रंगाची एक पेन्सिल. तिचा उपयोग सातव्या पायरीत येईल.

उदाहरण म्हणून मी आमच्या त्या पहिल्या संध्याकाळचेच समीकरण घेते, कारण त्याची मुळे पूर्णांक नाहीत आणि म्हणून त्यात सगळ्या पायऱ्यांची गरज पडते: y = 2x² − 8x + 3.

1. समीकरण उतरवून a, b, c चिन्हांसह लिहा

येथे a = 2, b = −8 आणि c = 3. हे मनात न ठेवता कागदावर लिहावे. b ची किंमत 8 नसून −8 आहे, आणि हे एक उणे चिन्ह हरवले की पुढचा संपूर्ण आलेख Y-अक्षाच्या दुसऱ्या बाजूला जातो. समीकरण y = 3 − 8x + 2x² असे उलट क्रमाने दिले असेल तर आधी x² चे पद पुढे आणावे; पहिला दिसला तो आकडा a म्हणून उचलण्याची चूक आमच्याकडे दोनदा झाली.

याच वेळी वक्राची दिशाही लिहून टाकावी. a धन आहे, म्हणून वक्र वर उघडतो आणि शिरोबिंदू हा त्याचा सर्वांत खालचा बिंदू असतो. a ऋण असता तर वक्र खाली उघडला असता आणि शिरोबिंदू सर्वांत वरचा ठरला असता. एका ओळीचे हे काम पुढे मोठी चूक पकडून देते.

2. सममिती अक्ष काढा

सूत्र x = −b/(2a) असे आहे. येथे −(−8)/(2 × 2) = 8/4 = 2, म्हणून सममिती अक्ष x = 2 ही उभी रेषा होय. रिकाम्या जागेत नुसते ‘2’ लिहू नये. 2 ही एक संख्या आहे, तर अक्ष ही रेषा आहे आणि रेषा समीकरणानेच लिहावी लागते. आमचे पहिले दोन गुण याच कारणाने गेले.

हे सूत्र कोठून येते ते मुलांना एकदा दाखवले तर ते विसरत नाही. दिलेल्या समीकरणात y = 3 कधी होईल असे विचारावे. 2x² − 8x + 3 = 3 म्हणजे 2x² − 8x = 0, म्हणजेच 2x(x − 4) = 0. तेव्हा x = 0 आणि x = 4 या दोन ठिकाणी वक्र एकाच उंचीवर असतो. वक्राच्या दोन बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असल्यामुळे आरसा या दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये, म्हणजे 2 वर, असला पाहिजे. सर्वसाधारण समीकरणात हेच दोन बिंदू 0 आणि −b/a असे येतात, आणि त्यांचा मध्य −b/(2a). सूत्रातले चिन्ह आठवत नसेल तर ही दोन ओळींची रीत वापरून अक्ष काढता येतो, आणि मला स्वतःला तीच अधिक भरवशाची वाटते.

कागदावर x = 2 येथे पट्टीने तुटक रेषा काढावी.

3. शिरोबिंदू काढा

अक्षाची किंमत मूळ समीकरणात ठेवावी. x = 2 असता y = 2(4) − 8(2) + 3 = 8 − 16 + 3 = −5. म्हणून शिरोबिंदू (2, −5). 2(4) मधला 4 हा 2 चा वर्ग आहे. आधी वर्ग करायचा आणि मग a ने गुणायचे; घाईत 2 × 2 = 4 करून त्याचा वर्ग 16 घेतला जातो आणि शिरोबिंदू एकदम (2, 3) वर जाऊन बसतो.

4. Y-अक्षावरचा छेदनबिंदू आणि त्याचा जोडीदार

x = 0 ठेवले की पहिली दोन पदे शून्य होतात आणि उरतो फक्त c. म्हणून छेदनबिंदू (0, 3). तो अक्षाच्या डावीकडे 2 एकक आहे, तेव्हा उजवीकडे 2 एककांवर, म्हणजे (4, 3) येथे, त्याचा जोडीदार मिळतो. एकही नवा गुणाकार न करता आता आपल्याकडे तीन बिंदू झाले.

5. X-अक्षावरचे छेदनबिंदू

येथे y = 0 ठेवायचे आणि मुळे काढायची. आधी विवेचक पाहावा: b² − 4ac = 64 − 24 = 40. तो धन आहे, म्हणून वक्र X-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो. पण 40 हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांत अवयव पाडण्यात वेळ घालवू नये. सूत्राने x = (8 ± √40)/4, म्हणजे 2 ± 1.58. मुळे साधारण 0.42 आणि 3.58 येतात.

ही मुळे लिहिण्याची रीत पाहा: मध्ये 2, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच 1.58 अंतर. मधला आकडा नेहमी सममिती अक्षच असतो. तुमच्या दोन मुळांची सरासरी अक्षाशी जुळत नसेल, तर पुढे जाण्याआधी थांबावे, कारण दुसऱ्या किंवा पाचव्या पायरीत काहीतरी चुकले आहे.

विवेचक शून्य आला तर शिरोबिंदूच X-अक्षावर टेकलेला असतो आणि छेदनबिंदू एकच मिळतो. विवेचक ऋण आला, उदाहरणार्थ y = x² + 2x + 3 मध्ये तो 4 − 12 = −8 येतो, तर वक्र X-अक्षापर्यंत पोहोचतच नाही. या वक्राचा शिरोबिंदू (−1, 2) आहे आणि तो वर उघडतो, तेव्हा खाली अक्षाला भेटण्याचा प्रश्नच येत नाही. रिकाम्या जागेत ‘नाही’ या अर्थाचे ‘नन’ लिहावे; ती जागा कोरी ठेवली तर उदाहरण सोडवलेच नाही असे धरले जाते.

6. सारणी भरा, प्रमाण ठरवा, वक्र काढा

सारणीत शिरोबिंदू मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन किमती घ्याव्यात. मुलांचा कल −2 पासून 2 पर्यंतच्या किमती घेण्याकडे असतो, कारण रेषेच्या आलेखात ते चालून गेलेले असते. येथे तसे केले तर वक्राची फक्त डावी बाजू मिळते आणि कागदावर उतरत जाणारी एक घसरगुंडी दिसते.

| x | 0 | 1 | 2 | 3 | 4 |
|---|---|---|---|---|---|
| y | 3 | −3 | −5 | −3 | 3 |

आता प्रमाण पाहावे. वर्कशीटवरचा आलेख बहुधा दोन्ही अक्षांवर −10 ते 10 असा असतो आणि एका चौकटीला 1 एकक धरलेले असते. या पाच बिंदूंना तो पुरतो. x = 5 घेतले तर y = 13 येतो आणि बिंदू कागदाबाहेर जातो; तो स्थापन करण्याचा हट्ट न धरता वक्राच्या टोकांना बाण काढावेत. मात्र काही वर्कशीटवर Y-अक्षावर एका चौकटीला 2 एकक असे प्रमाण छापलेले असते. तेथे −3 हा बिंदू दीड चौकट खाली येतो, तीन चौकटी नव्हे. पेन्सिल टेकवण्याआधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचण्याची सवय लावावी.

बिंदू एका ओघात, हाताने जोडावेत. शिरोबिंदूपाशी टोक निघता कामा नये. तेथे वक्र क्षणभर आडवा होऊन वळतो. बाजूही वर जाताना आत वळू देऊ नयेत. पहिल्या दिवशी आमचा अन्वस्त तोंड मिटत आलेल्या मडक्यासारखा दिसत होता.

7. स्थापन केलेले बिंदू समीकरणाशी पडताळा

या पायरीला मी सर्वांत अधिक वेळ देते. पडताळा घेतला असे बहुतेक जण म्हणतात, पण त्यांनी केलेले असते ते एवढेच की वक्र दोन्ही बाजूंना सारखा दिसतो का ते पाहिले. तो सारखा दिसणारच, कारण उजवे बिंदू आपण डाव्या बिंदूंवरूनच काढले. आरशातून उतरवलेला बिंदू आरसा बरोबर जागी आहे याची साक्ष देऊ शकत नाही.

समजा b चे चिन्ह हरवून आपण अक्ष x = −2 असा काढला. मग (0, 3) चा जोडीदार (−4, 3) येईल आणि कागदावर सगळे नीट सममित दिसेल. पण −4 ही किंमत समीकरणात ठेवून पाहा: 2(16) + 32 + 3 = 67. आपण टिंब दिले 3 वर, समीकरण म्हणते 67. चूक तत्काळ उघडी पडते. म्हणून नियम असा ठेवावा की जो बिंदू प्रतिबिंबाने मिळवला, तोच समीकरणात ठेवून तपासायचा. आपल्या बरोबर आलेखात हा बिंदू (4, 3) आहे: 2(16) − 32 + 3 = 3. जुळले.

पहिल्या पायरीत लिहिलेली दिशाही येथे कामी येते. अक्ष −2 धरून शिरोबिंदू काढला असता तो (−2, 27) आला असता. वर उघडणाऱ्या वक्राचा शिरोबिंदू सर्वांत खाली हवा, आणि येथे तर (0, 3) त्याच्याही खाली आहे. हे अशक्य आहे, आणि ते एकाही नव्या आकडेमोडीशिवाय कळते.

दुसरा पडताळा सारणीवरचा. y च्या लागोपाठच्या किमतींमधले फरक घ्यावेत: 3, −3, −5, −3, 3 यांतील फरक −6, −2, 2, 6 असे येतात. आता या फरकांचे फरक घ्यावेत: 4, 4, 4. x च्या किमती एकेकाने वाढत असतील तर ही दुसरी ओळ नेहमी एकसारखी येते आणि तो आकडा 2a इतका असतो; येथे a = 2, म्हणून 4. सारणीत एखाद्या ठिकाणी बेरीज चुकली असेल तर ही ओळ लगेच विस्कटते. मात्र या पडताळ्याची मर्यादा लक्षात ठेवावी. सगळी सारणीच चुकीचा b किंवा c घेऊन भरली असेल, तरी दुसरे फरक 4, 4, 4 असेच येतात, कारण ते फक्त a वर अवलंबून असतात.

त्यामुळे तिसरा पडताळा टाळता येत नाही. त्यासाठी बिंदू सारणीतून घेऊ नये. तो आलेखावरून वाचावा, आणि समीकरण वहीतून न घेता वर्कशीटवर छापलेलेच घ्यावे. आमच्याकडे हे काम दोघींत वाटलेले आहे. मुलगी आलेख काढते, मी सारणी झाकते, दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलने एका टिंबाभोवती गोल करते आणि त्याचे निर्देशक कागदावरून वाचते. मग ती ते छापील समीकरणात ठेवते. एकदा मी “एक, उणे सहा” असे वाचले आणि तिने “नाही, उणे तीन आहे” म्हटले. सारणीत −3 च होते. टिंब मात्र दुप्पट खाली पडले होते, कारण त्या आलेखावर एका चौकटीला 2 एकक होते. दुसऱ्या एका वेळी वहीत + 3 च्या जागी − 3 उतरले होते. सारणी, फरक, सममिती सगळे जुळत होते, फक्त अख्खा वक्र 6 एकक खाली सरकला होता. ही चूक छापील समीकरणाकडे परत गेल्याशिवाय कोणत्याही रीतीने सापडली नसती.

X-अक्षावरचे बिंदू पडताळताना नेमके शून्य येण्याची अपेक्षा धरू नये. 0.42 ठेवले तर 2(0.1764) − 3.36 + 3 = −0.0072 येते. आपण मुळाची किंमत दोन दशांश स्थळांपर्यंत घेतली, म्हणून एवढा फरक राहणारच. उत्तर 0.5 किंवा 1 च्या घरात आले तर मात्र मूळच चुकले आहे असे समजावे.

कॅल्क्युलेटर वापरताना ऋण संख्या कंसात घालावी. x = −1 साठी 2 × -1² असे टाइप केले तर बरीच यंत्रे आधी 1 चा वर्ग करतात, मग उणे लावतात, आणि y ची किंमत 13 ऐवजी 9 येते. 2 × (-1)² असे लिहिले की 13 मिळते, आणि x = 5 ला मिळणाऱ्या 13 शी ते जुळते.

8. अक्ष अर्ध्यावर आला तर

y = −x² + 5x − 4 हे समीकरण घ्या. येथे a = −1, b = 5, म्हणून अक्ष x = −5/(−2) = 2.5. पूर्णांक किमतींची सारणी अशी येते:

| x | 0 | 1 | 2 | 3 | 4 | 5 |
|---|---|---|---|---|---|---|
| y | −4 | 0 | 2 | 2 | 0 | −4 |

सारणीत 2 आणि 3 या दोन्ही ठिकाणी y = 2 आहे. मुले हे दोन बिंदू आडव्या रेघेने जोडतात आणि डोंगराच्या जागी पठार तयार होते. खरा माथा त्या दोहोंच्या मध्ये, थोडा वर आहे: −6.25 + 12.5 − 4 = 2.25. म्हणून शिरोबिंदू (2.5, 2.25) सारणीत स्वतंत्र लिहून तो आधी स्थापन करावा. फरकांचा पडताळा घेताना मात्र तो वगळावा, कारण तेथे x चे अंतर 1 राहत नाही. उरलेल्या किमतींचे फरक 4, 2, 0, −2, −4 आणि त्यांचे फरक −2, −2, −2, −2 असे येतात. 2a ही −2 च आहे.

या समीकरणातले x² पुढचे उणे चिन्ह हा आणखी एक सापळा आहे. −x² म्हणजे आधी वर्ग आणि मग उणे. x = −1 असता −x² ची किंमत −1 आहे, 1 नाही. बरेच कॅल्क्युलेटर हा क्रम पाळतात, पण सारणी एक्सेलमध्ये करणाऱ्यांनी सावध राहावे, कारण तेथे सुरुवातीचे उणे वर्ग करण्याआधीच लागू होते. A2 मध्ये 1 असताना पहिल्या सूत्राचे उत्तर 2 येते, दुसऱ्याचे 0:

```
=-A2^2+5*A2-4
=-(A2^2)+5*A2-4
```

पहिल्या सूत्राने भरलेली सारणी खरे तर x² + 5x − 4 ची असते, आणि तिचा वक्र वर उघडतो. तुम्ही पहिल्या पायरीत ‘खाली उघडतो’ असे लिहून ठेवले असेल, तर हा गोंधळ आलेख काढायला घेताच दिसून येईल.